मळमळीचं इंजेक्शन आणि मूत्रपिंडावरची गाठ

गरोदर बाईला ओकाऱ्या होत असतील, तर तिला मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन द्यायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. लहान नर्सिंग होमपासून मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत हे औषध रोज वापरलं जातं. पण क्वचित एखादीच्या बाबतीत इंजेक्शन शिरेत गेल्यावर काही मिनिटांतच भलतंच घडतं. चेहरा पांढराफटक पडतो, अंगाला दरदरून घाम सुटतो, डोकं फुटेल असं दुखू लागतं आणि बीपीचं यंत्र दोनशेच्या पुढचा आकडा दाखवतं. औषधाची रिअ‍ॅक्शन आली, असं म्हणून केस पेपरवर नोंद होते. बऱ्याचदा तपास तिथेच थांबतो. वास्तविक तपासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी असते, कारण असं घडणाऱ्या काही मोजक्या बायकांच्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असते आणि त्या इंजेक्शनाने तिला डिवचलेलं असतं.

दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या गाभ्यातल्या पेशी अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनवतात. भीती, राग, धावपळ अशा प्रसंगी हृदय जोरात चालवणारी आणि रक्तवाहिन्या आवळणारी ही द्रव्यं. एरवी ती मज्जासंस्थेच्या हुकमाशिवाय सुटत नाहीत. गाभ्यातल्या पेशींची गाठ झाली, की हा हुकूम कुणी जुमानत नाही. गाठ कधी सतत थोडं थोडं अ‍ॅड्रिनॅलिन सोडत राहते, तर कधी एकदम मोठा लोंढा सोडते. अशीच गाठ ग्रंथीबाहेर, महारोहिणीच्या कडेने किंवा अगदी मूत्राशयाजवळही होऊ शकते. तिला पॅरागॅन्ग्लिओमा म्हणतात. उपचाराचं सूत्र दोन्हींसाठी जवळपास एकच आहे.

गरोदरपणात ही गाठ सापडण्याचं प्रमाण साधारण 54,000 गर्भारपणांमागे एक इतकं कमी सांगितलं जातं. बहुतेक प्रसूतितज्ज्ञांच्या उभ्या कारकिर्दीत अशी एखादीच रुग्ण येते, कित्येकांच्या वाट्याला एकही येत नाही. उलट गरोदरपणात बीपी वाढणं ही मात्र रोजची बाब आहे. शंभरातल्या पाच ते दहा जणींना तो त्रास होतो आणि त्यामागे बहुधा प्री-एक्लॅम्प्सिया किंवा गरोदरपणातला साधा उच्च रक्तदाब असतो. म्हणजे त्या 54,000 जणींमध्ये बीपी वाढलेल्या बायका काही हजार असणार आणि गाठ असणारी त्यांतली एक. सगळ्यांची महागडी तपासणी करणं शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. त्या एकीला हजारोंमधून कसं हुडकायचं, हा खरा प्रश्न.

हुडकणं का गरजेचं, हे जुन्या आकड्यांवरून कळतं. 1971 सालापर्यंत जगभरात प्रसिद्ध झालेल्या केसेसचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्या माता आणि निम्म्याहून अधिक बाळं दगावलेली होती. आजचं चित्र खूप सुधारलं आहे, पण ते प्रामुख्याने निदान झालेल्यांपुरतं. 2021 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा सुमारे अडीचशे गर्भारपणांची माहिती एकत्र करून मांडली. गाठ आहे हे बाळंतपण होईपर्यंत कळलंच नाही, तर आईवर किंवा बाळावर गंभीर संकट येण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हा तिचा सर्वांत ठळक निष्कर्ष होता. त्या अडीचशेपैकी जवळपास एकतृतीयांश बायकांचं निदान बाळंतपणानंतरच झालं होतं.

निदान हुकण्याची कारणं समजण्यासाठी एक केस बारकाईने पाहू. ती एका विशिष्ट बाईची नाही. वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या अनेक केसेसमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून उभी केलेली आहे.

वय 29, दुसरी खेप, सतरावा आठवडा. पहिल्या बाळंतपणात शेवटच्या महिन्यात बीपी वाढलं होतं, म्हणून सिझेरियन झालं आणि फाइलवर प्री-एक्लॅम्प्सिया असा शिक्का बसला. या खेपेला ती ओपीडीत आली तेव्हा बीपी 122/78. तिची तक्रार मात्र वेगळीच होती. आठवड्यातून दोन-तीनदा अचानक छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, घामाने ब्लाउज भिजतो आणि वीस मिनिटांनी सगळं आपोआप शांत होतं. ‘पहिल्या वेळचं टेन्शन मनात बसलंय हो तिच्या,’ असं सासूबाई म्हणाल्या आणि डॉक्टरांनाही ते पटलं. रक्तातली साखर थोडी जास्त निघाली, तेव्हा ती गरोदरपणातल्या मधुमेहाच्या खात्यावर जमा झाली. एका रात्री उलट्या थांबेनात म्हणून तिला कॅज्युअल्टीत आणलं, मेटोक्लोप्रमाइड दिलं आणि दहाव्या मिनिटाला बीपी 220/124 झालं.

आता यातला एकेक धागा सोडवून पाहता येतो.

पहिला धागा आठवड्यांचा. प्री-एक्लॅम्प्सिया हा वारेशी निगडित आजार आहे आणि तो बहुधा विसाव्या आठवड्यानंतरच दिसू लागतो. शिवाय निरोगी गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीत रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी थोडं उतरतं. सतराव्या आठवड्यात ते उतरायच्या ऐवजी आकाशाला भिडत असेल, तर वारेला दोष देऊन भागत नाही. दुसरा धागा बीपीच्या तऱ्हेचा. प्री-एक्लॅम्प्सियात बीपी चढलं की बहुतेक चढलेलंच राहतं. गाठीचं बीपी मात्र नाचतं. सकाळी 122, दुपारी 200, पुन्हा संध्याकाळी 118. काही जणींचं तर उभं राहिल्यावर एकदम खाली येऊन चक्कर येते, कारण सतत आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे त्यांच्या शरीरातलं रक्ताचं एकूण प्रमाणच घटलेलं असतं. आणि डोकेदुखी, घाम, धडधड हे त्रिकूट झटक्यांनी एकत्र यावं, ही तर या आजाराची पाठ्यपुस्तकातली खूण. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र असलेल्या रुग्ण कमी, आणि गरोदरपणात घाम किंवा धडधड कुणाला होत नाही, हीच अडचण.

एक खूण मात्र या आजाराची खास आहे आणि ती बिछान्यावर दिसते. महिने भरत आले, की उताणं झोपल्यावर गर्भाशय पोटातल्या मोठ्या नीलेवर भार टाकतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी खाली येतं. म्हणून तर गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. गाठ असलेल्या बाईचं उलट होऊ शकतं: उताणं झोपलं की वाढलेलं गर्भाशय गाठीवर दाब देतं आणि बीपी चढतं. कुशीवर वळलं की उतरतं. नर्सने दोन्ही स्थितींत बीपी मोजून तक्त्यावर शेजारी शेजारी लिहिलं, तर संशयाला फुकटात बळ मिळतं. अशा नोंदी करणारी नर्स असावी लागते, हे खरं. बाळाची हालचाल, वाकणं, कळा यांनीही गाठ चेपली जाऊन झटका येऊ शकतो.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. प्री-एक्लॅम्प्सियात लघवीतून प्रथिनं जातात, पावलांना सूज येते, प्लेटलेट्स किंवा यकृताच्या तपासण्या बिघडतात. गाठीच्या रुग्णांत हे बहुधा नसतं. पण बीपी फार काळ वर राहिलं तर गाठीतही लघवीत प्रथिनं दिसतात, त्यामुळे ‘प्रथिनं आहेत म्हणजे गाठ नाही’ असं म्हणता येत नाही. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या फाइलवरचा शिक्काही म्हणूनच पुन्हा तपासायला हवा. प्री-एक्लॅम्प्सियाचं बीपी बाळंतपणानंतर काही आठवड्यांत निवळतं. तिचं निवळलं होतं का, की नंतर कुणी मोजलंच नव्हतं?

कॅज्युअल्टीतल्या त्या रात्रीकडे परत येऊ. 220/124 पाहून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी जे केलं, ते नव्वद टक्के डॉक्टरांनी केलं असतं: शिरेतून लॅबेटॅलॉल. गरोदरपणातल्या तातडीच्या बीपीसाठी हे पहिल्या पसंतीचं औषध आहे. पाऊण तासात बीपी उतरलं नाही, उलट बाईला धाप लागली आणि छातीत कफ वाजू लागला. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं.

असं का व्हावं, हे कळलं की पुढचा सगळा उपचार कळतो. अ‍ॅड्रिनॅलिन शरीरावर ज्या कळांमधून काम करतं, त्यांचे दोन मुख्य प्रकार: अल्फा आणि बीटा. अल्फा कळ दाबली की रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. बीटा कळा हृदय जलद आणि जोरात चालवतात, पण स्नायूंमधल्या रक्तवाहिन्यांना त्यांचाच एक प्रकार सैलही करतो. म्हणजे बीटाचा एक भाग बीपी उतरवायला मदत करत असतो. आता कुणी आधी बीटा बंद केला, तर सैलावण्याची वाट बुजते, आवळणारा अल्फा मोकाट राहतो आणि त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलणाऱ्या हृदयाचा जोरही आपणच काढून घेतलेला असतो. फुप्फुसात पाणी साठतं ते इथून. लॅबेटॅलॉल दोन्ही कळा बंद करतं म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण त्याचं पारडं बीटाकडे फार झुकलेलं आहे, तोंडावाटे साधारण तिप्पट आणि शिरेतून दिल्यावर साधारण सातपट. त्यामुळे गाठीच्या रुग्णात ते पहिलं औषध म्हणून वापरणं धोक्याचं. ‘लॅबेटॅलॉल दिलं आणि बीपी वाढलं’ अशी नोंद कुठे दिसली, तर ती नोंदच एक निदानाची खूण समजावी.

त्याच वॉर्डात, त्याच ट्रॉलीवर एक चांगलं औषध पडून असतं आणि तेही प्री-एक्लॅम्प्सियासाठीच: मॅग्नेशियम सल्फेट. ते ग्रंथीतून अ‍ॅड्रिनॅलिन सुटणं कमी करतं, रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयाचे ठोके बिघडू देत नाही. 4 ग्रॅमचा पहिला डोस आणि मग ताशी 1 ते 2 ग्रॅम, हे प्रमाण प्रत्येक लेबर रूमच्या नर्सला तोंडपाठ असतं. गाठीचा झटका आवरायला ते उपयोगी पडतं हे दक्षिण आफ्रिकेतल्या भूलतज्ज्ञांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं. खरं औषध फेंटोलामाइन, ते थेट अल्फा कळ बंद करतं, 1 ते 5 मिलिग्रॅमच्या डोसात शिरेतून देतात. पण ते गावोगावी मिळत नाही. निकार्डिपिनसारखी कॅल्शियम चॅनेल रोखणारी औषधंही चालतात. सोडियम नायट्रोप्रुसाइड मात्र गरोदरपणात जास्त काळ चालवत नाहीत, त्यातून तयार होणारं सायनाइड बाळाला बाधू शकतं.

आता तपासणी. गाठ अ‍ॅड्रिनॅलिन लहरीप्रमाणे सोडत असल्याने ते रक्तात मोजलं तर कधी वाढलेलं सापडतं, कधी नाही. पण गाठीच्या पेशींच्या आतच एक एन्झाइम असतं, ते साठवणीतून पाझरणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनचं मेटानेफ्रिन करत राहतं, झटका असो वा नसो. म्हणून मोजायचं ते मेटानेफ्रिन, रक्तातलं किंवा 24 तासांच्या लघवीतलं. ही तपासणी फार संवेदनशील आहे. उत्तर स्वच्छ नॉर्मल आलं तर गाठ जवळजवळ नाहीच म्हणायला हरकत नाही. गरोदरपणामुळे किंवा प्री-एक्लॅम्प्सियामुळे मेटानेफ्रिन लक्षणीय वाढत नाहीत, त्यामुळे गरोदर बाईसाठी वेगळे आकडे शोधावे लागत नाहीत. ही या आजारातली मोठी सोय.

गैरसोयी दुसरीकडे आहेत. रक्त घेण्याआधी रुग्णाला वीस-तीस मिनिटं शांत पडून राहू द्यायचं असतं. ओपीडीच्या रांगेतून धापा टाकत येऊन खुर्चीवर बसून दिलेल्या रक्तात नॉरमेटानेफ्रिन उगाच वाढलेलं दिसतं. औषधांचा घोळ त्याहून मोठा. गरोदरपणात बीपीसाठी वर्षानुवर्षं दिली जाणारी दोन औषधं म्हणजे मेथिलडोपा आणि लॅबेटॅलॉल. नेमकी हीच दोन्ही काही तपासपद्धतींना चकवतात आणि आकडे खोटे फुगवतात. काही पद्धतींत साधं पॅरासिटामॉलही गडबड करतं. मास स्पेक्ट्रोमेट्री वापरणाऱ्या लॅबमध्ये ही अडचण बरीच कमी असते, म्हणून सँपल पाठवण्यापूर्वी लॅबला फोन करून पद्धत विचारणं आणि फॉर्मवर चालू औषधं लिहिणं, हे काम कुणीतरी केलंच पाहिजे. आकडा वरच्या मर्यादेच्या थोडाच पुढे असेल तर पुन्हा तपासतात. दुप्पट-तिप्पटीच्या पलीकडे गेला तर गाठ शोधायलाच लागतात.

आपल्या केसमध्ये नॉरमेटानेफ्रिन मर्यादेच्या नऊपट आलं. मग गाठ आहे कुठे? सोनोग्राफी सोपी, पण गर्भाशय वाढलं की मूत्रपिंडावरच्या कोपऱ्यात तिची नजर पोचत नाही. सीटी स्कॅनमध्ये बाळाला किरणं लागतात. किरणोत्सर्गी द्रव्य टोचून करायचे एमआयबीजीसारखे स्कॅन गरोदरपणात करत नाहीत. उरतो एमआरआय, तोही गॅडोलिनियम न टोचता. काही विशिष्ट चित्रांमध्ये अशी गाठ पुष्कळदा लख्ख पांढरी दिसते, नेहमीच नाही. उजव्या अ‍ॅड्रिनलमध्ये साडेचार सेंटिमीटरची गाठ एकोणिसाव्या आठवड्यात सापडली.

आता बाळाकडे पाहायला हवं. आईच्या रक्तातलं अ‍ॅड्रिनॅलिन बाळापर्यंत फारसं पोचत नाही; वारेमधली एन्झाइम्स ते वाटेतच मोडून टाकतात. बाळाला मारक ठरतो तो वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा आवळा. झटका आला की वारेचा रक्तपुरवठा तुटतो, बाळाची वाढ खुंटते, कधी वार वेळेआधीच सुटते. पण बीपी फार खाली आणलं तरी वारेची गत तीच होते, कारण मेंदू किंवा मूत्रपिंडाप्रमाणे वार आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळून घेत नाही. आईचा दाब पडला की तिचा प्रवाहही पडतो. त्यामुळे गरोदर नसलेल्या रुग्णात 130/80 च्या खाली आणायचा जो आग्रह असतो, तो इथे थोडा सैल करावा लागतो. झटके थांबावेत, बसल्यावरचं बीपी 140/90 च्या आत राहावं आणि उभं राहिल्यावर चक्कर येऊ नये, एवढं साधलं तर पुष्कळ.

अल्फा रोखणाऱ्या औषधांत जुनं आणि बळकट नाव फिनॉक्सिबेन्झामिन. 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी वाढवत नेतात. ते अल्फा कळेला कायमचं चिकटतं. कळ मोकळी व्हायला शरीराला नवी कळ बनवावी लागते. म्हणून अ‍ॅड्रिनॅलिनचा मोठा लोंढा आला तरी ते हटत नाही. पण ते वार ओलांडतं, बाळात साठतं, आणि जन्मल्यावर बाळाचं बीपी उतरू शकतं आणि श्वास मंद होऊ शकतो. अशा बाळाला पहिले दोन-तीन दिवस नवजात विभागात नजरेखाली ठेवतात. डॉक्साझोसिन आणि आपल्याकडे सर्रास मिळणारं प्राझोसिन यांचा मुक्काम कमी काळाचा असतो, चक्कर आणि नाक चोंदणं कमी होतं. कोणतं निवडावं यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अनुभव कोणत्या औषधाचा जास्त आहे, यावरच बहुतेक ठिकाणी निवड होते आणि ती वाईट पद्धत आहे असंही नाही.

औषध सुरू झालं की बाईला मीठ आणि पाणी भरपूर घ्यायला सांगतात. बीपीच्या रुग्णाला मीठ वाढवा म्हणणारा डॉक्टर पाहून घरचे गोंधळतात. पण आवळलेल्या वाहिन्या सैल झाल्या, की त्या भरायला रक्त कमी पडतं, आणि ही तूट शस्त्रक्रियेआधी भरून निघायला हवी. तीन-चार दिवसांनी नाडी जलद झाली तर आणि तेव्हाच बीटा रोखणारं औषध जोडतात, बहुधा मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल. अ‍ॅटेनोलॉल टाळतात, त्याने बाळाची वाढ खुंटल्याच्या नोंदी आहेत. आधी अल्फा, मग बीटा. हा क्रम कधीही उलटा चालत नाही.

शस्त्रक्रिया केव्हा करायची, हा यातला सर्वांत वादाचा भाग.

वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत अशी. निदान चोवीसाव्या आठवड्याआधी झालं, तर दहा ते चौदा दिवस अल्फा रोखून दुसऱ्या तिमाहीतच दुर्बिणीने गाठ काढायची. पहिल्या तिमाहीत भूल दिल्यास गर्भपाताची भीती जास्त, म्हणून तेव्हा थांबायचं. चोवीसाव्या आठवड्यानंतर गर्भाशय एवढं मोठं होतं, की गाठीपर्यंत पोचायला जागाच उरत नाही आणि अवेळी कळा सुरू होण्याची जोखीम वाढते. मग औषधांवर गाडी रेटायची, बाळ भरलं की सिझेरियन करायचं आणि गाठ त्याच भुलीत किंवा काही आठवड्यांनी काढायची.

2021 च्या त्या अभ्यासाने या नेमाला थोडा धक्का दिला. गरोदरपणात अल्फा रोखणारं औषध मिळालेल्या बायकांचे परिणाम स्पष्टपणे चांगले होते. गरोदरपणातच गाठ काढल्याने मात्र जास्तीचा फायदा झालेला दिसला नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया करू नये असा नाही. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांची अवस्था मुळात वेगळी असू शकते, आणि इतक्या दुर्मीळ आजारात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणारा प्रयोग होणंही अवघड. पण चोवीस आठवड्यांचं कॅलेंडर पाहून घाई करण्यापेक्षा औषधांनी बीपी काबूत आलंय का, हे आधी पाहावं, एवढं त्यातून नक्की निघतं. काबूत असेल तर थांबता येतं. औषधं वाढवूनही झटके येत असतील आणि आठवडे अजून हातात असतील, तर थांबणं हीच जोखीम. शिवाय साताठ सेंटिमीटरची गाठ आणि दोन सेंटिमीटरची गाठ यांना एकच नियम लावणंही बरोबर नाही.

आपल्या केसमध्ये आठवडे हातात होते. अल्फाच्या चौदा दिवसांनंतरही एकदा 180 पर्यंत झटका आला, म्हणून बाविसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली. उजव्या गाठीसाठी तिला डाव्या कुशीवर ठेवलं, त्यामुळे गर्भाशयाचा भारही मोठ्या नीलेवरून हटला. भुलीआधीच मनगटाच्या धमनीत नळी, म्हणजे प्रत्येक ठोक्याचं बीपी पडद्यावर. पोटात भरायच्या वायूचा दाब नेहमीपेक्षा कमी ठेवला. सर्जनने गाठीला शक्यतो हात न लावता भोवतालचं सोडवत नेलं, कारण चेपली की ती अ‍ॅड्रिनॅलिन सोडणारच. उजव्या अ‍ॅड्रिनलची नीला आखूड असते आणि थेट मोठ्या नीलेत उघडते. तिला क्लिप लावण्याचा तो क्षण भूलतज्ज्ञाला आधी सांगावा लागतो. क्लिप बसली की अ‍ॅड्रिनॅलिनचा पुरवठा तुटतो आणि दोनच मिनिटांत 190 चं बीपी 85 वर येऊ शकतं. तेव्हा चालू औषधं बंद, सलाइन जोरात, गरज पडली तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. त्यानंतरच्या बारा-चोवीस तासांत साखर धडाधड खाली येऊ शकते, कारण इतके दिवस दाबून ठेवलेलं इन्सुलिन मोकळं सुटतं. त्यामुळे ‘गरोदरपणातला मधुमेह’ म्हणून चालू असलेलं इन्सुलिन बंद केलं नाही तर आपत्ती. तिचा मधुमेह त्या रात्रीच संपला. बाळाच्या ठोक्यांची नोंद आधी आणि नंतर घेतली, ते ठीक होते. अडतिसाव्या आठवड्यात साध्या बाळंतपणाने मुलगी झाली.

निदान तिसाव्या आठवड्यात झालं असतं तर वाट वेगळी असती. तेव्हा लेबर रूममधल्या सवयीच्या प्रत्येक गोष्टीवर खूण करावी लागते. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून देतात ते बीटामेथाझोन किंवा डेक्सामेथाझोन गाठीला चेतवू शकतं. म्हणून ते अल्फा पुरेसा रोखल्यावर आणि मॉनिटर लावूनच द्यायचं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला हाताशी असलेलं मिथाइल एर्गोमेट्रिन टाळायचं, त्याऐवजी ऑक्सिटोसिन सावकाश. पाठीत भूल दिल्यावर बीपी उतरलं तर इफेड्रिन द्यायचं नाही, कारण ते साठवलेलं अ‍ॅड्रिनॅलिनच बाहेर ढकलतं. फेनिलेफ्रिन थोडं थोडं देता येतं. मेटोक्लोप्रमाइडऐवजी ऑन्डान्सेट्रॉन. ही यादी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवणारे विभाग आहेत. इतक्या दुर्मीळ आजारात रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला ती आठवेलच, असं गृहीत धरणं चूक.

पूर्वी अशा बाईचं सिझेरियनच करायचं असा दंडक होता, कारण कळा देताना गाठ चेपली जाते. आता अल्फा नीट रोखला असेल, वेदना घालवायला एपिड्यूरल असेल आणि ढकलण्याचा टप्पा चिमटा किंवा व्हॅक्युमने आखूड करता येत असेल, तर निवडक जणींना योनिमार्गे बाळंतपणही करू देतात. बीपी काबूत नसलेल्या बाईला मात्र ते धोक्याचं.

गाठ काढली की विषय संपत नाही, कारण फिओक्रोमोसायटोमा असलेल्या रुग्णांपैकी तीसेक टक्क्यांहून अधिक जणांत तो वारशाने आलेल्या जनुकीय दोषातून होतो, आणि तरुण वयात सापडलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त. याची सर्वांत जुनी साक्ष जर्मनीतल्या फ्रायबुर्गची. 1886 मध्ये फेलिक्स फ्रेंकेल या डॉक्टरने मिन्ना रोल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीची केस छापली: धडधडीचे झटके, मग अचानक मृत्यू, आणि शवविच्छेदनात दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथींत गाठी. तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. 2007 मध्ये संशोधकांनी त्या घराण्यातल्या हयात नातेवाइकांना शोधून त्यांच्या रक्तात रेट या जनुकातला दोष दाखवला. याच दोषाने थायरॉइडचा एक कर्करोगही होतो.

म्हणून अशा प्रत्येक बाईची जनुकीय तपासणी करावी, असं सध्याचे मार्गदर्शक सल्ले सांगतात. रेट, व्हीएचएल, एनएफ-1 आणि एसडीएच गटातली जनुकं त्यात पाहतात. अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग, त्वचेवर मऊ गाठी असतील किंवा घरात कुणाला थायरॉइडची, डोळ्याच्या पडद्याची, मूत्रपिंडाची गाठ झालेली असेल, तर संशय तिथूनच सुरू होतो. दोष सापडला तर भावंडांची, मुलांची तपासणी होते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा मोजतात आणि मग दरवर्षी, निदान दहा वर्षं तरी. जनुकीय दोष असेल तर आयुष्यभर. पुढच्या खेपेचा विचार करणाऱ्या बाईने ही तपासणी दिवस राहण्याआधी करून घ्यायची असते. गरोदर नसताना सीटी आणि बाकीचे स्कॅन मोकळेपणाने करता येतात आणि पुन्हा गाठ निघाली तर ती आठवडे न मोजता काढता येते.